पाटी एक, शाखा तीन

शहरात एकाच नावाची तीन-चार दुकानं चालवणाऱ्यांची संख्या वाढली आहे. बेकरी, पॅथॉलॉजी लॅब, चष्म्याचं दुकान, लहान मुलांचे नृत्यवर्ग, असं काहीही असेल. दुसरी शाखा उघडली की इंटरनेटवर तिची माहिती टाकावी लागते, आणि बहुतेक ठिकाणी ती एकाच पद्धतीने टाकली जाते. पहिल्या शाखेचा मजकूर उचलायचा, भागाचं नाव बदलायचं, फोन नंबर बदलायचा, काम संपलं. ‘सदाशिव पेठेतील आमच्या प्रशस्त दालनात आपलं स्वागत आहे’ याचं ‘कोथरूडमधील आमच्या प्रशस्त दालनात’ होतं. दालन दोन्हीकडे प्रशस्तच असतं.

या मजकुराचा कस पाहायची एक सोपी रीत आहे. भागाच्या नावावर बोट ठेवा आणि उरलेलं वाचा. ते दुसऱ्या शाखेच्या नावाखाली जसंच्या तसं चालत असेल, तर ते त्या शाखेचं वर्णन नव्हे. ग्राहक हा मजकूर उघडतो तेव्हा दुकान चांगलं आहे की नाही, हे बहुधा त्याने आधीच ठरवलेलं असतं. त्याला आता कोणत्या शाखेत जायचं, कधी जायचं आणि तिथे आपलं काम होईल का, एवढंच हवं असतं.

पुण्यातल्या चष्म्याच्या दुकानाचं उदाहरण घेऊ. समजा, त्याच्या तीन शाखा आहेत: सदाशिव पेठ, कोथरूड आणि मगरपट्टा. फ्रेम तिन्हीकडे त्याच, भाव तेच, हमी तीच. मग वेगळं काय लिहायचं, असा प्रश्न मालकाला पडतो. याचं उत्तर काउंटरवर उभ्या असलेल्या माणसाला विचारलं की चटकन मिळतं. आठवडाभर त्याने एका वहीत एवढंच टिपायचं, की लोक फोनवर काय विचारतात आणि दुकानात येऊन कशासाठी परत जातात. वही भरली की चित्र स्पष्ट होतं. काच घासून फ्रेममध्ये बसवण्याचं यंत्र फक्त पेठेतल्या शाखेत आहे, म्हणून चष्मा त्याच दिवशी तिथेच मिळू शकतो. कोथरूडची शाखा तळमजल्यावर असल्याने ज्येष्ठ मंडळी तिथे येतात. मगरपट्ट्यात नंबर तपासणारे ऑप्टोमेट्रिस्ट फक्त शनिवार-रविवारी असतात, आणि बुधवारी येणारा नोकरदार हात हलवत परत जातो. फरक असा कामाच्या घडीत असतो. तो विशेषणांत शोधून सापडत नाही.

या वहीवरून पेठेतल्या शाखेचा मजकूर असा होईल:

‘पेरूगेट पोलीस चौकीपासून चालत तीन मिनिटं. दुकान पहिल्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही. जिना अवघड वाटत असेल तर खालून फोन करा, आम्ही फ्रेम घेऊन खाली येतो. गल्लीत दुचाकी सम-विषम तारखेप्रमाणे लावावी लागते, चारचाकीला जागा मिळत नाही. नंबर सोमवार ते शनिवार, दुपारी ४ ते रात्री ८ या वेळेत तपासला जातो. काच बसवण्याचं यंत्र इथेच आहे. साध्या नंबरची काच साठ्यात असेल तर दुपारी १ पूर्वी दिलेला चष्मा संध्याकाळी मिळतो. प्रोग्रेसिव्ह काचा बाहेरून बनून येतात, त्यांना साधारण आठवडा लागतो. अनंत चतुर्दशीला दुकान बंद असतं.’

आणि कोथरूडचा असा:

‘पौड रस्त्यावर, आनंदनगर मेट्रो स्थानकापासून चालत चार मिनिटं. तळमजला, एकच पायरी, बसायला खुर्च्या आहेत. नंबर रोज सकाळी १० ते १ तपासला जातो. डोळ्यांच्या डॉक्टरांची चिठ्ठी असेल तर ती घेऊन कधीही या. काच बसवण्याचं काम आमच्या सदाशिव पेठेतल्या शाखेत होतं, म्हणून साधा चष्मा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मिळतो. त्याच दिवशी हवा असेल तर थेट तिकडे जावं. काडी सैल झाली किंवा नाकाची पट्टी तुटली तर ती दुरुस्ती इथे लगेच होते.’

या दोन मजकुरांची अदलाबदल करता येणार नाही. शिवाय दोन्हींमध्ये काय मिळत नाही, हेही स्वच्छ सांगितलं आहे. मालक इथेच अडखळतात. लिफ्ट नाही, हे लिहिलं तर गिऱ्हाईक जाईल अशी त्यांना धास्ती असते. पण गुडघे दुखणारी आजी जिन्याशी येऊन परत फिरली, तर ती पुन्हा कोणत्याच शाखेत येणार नाही. आधी कळलं तर ती कोथरूडला जाईल. साखळी असण्याचा हाच फायदा आहे: एका शाखेची उणीव दुसरी भरून काढते, फक्त ते ग्राहकाला वेळेवर कळायला हवं.

स्थानिक शोधातले निकाल सुसंगती, अंतर आणि ठिकाणाची प्रसिद्धी या तीन गोष्टींवर ठरतात, असं गूगल सांगतं. अंतर आपल्या हातात नाही. प्रसिद्धी हळूहळू येते. सुसंगती मात्र मजकुरातून येते. ‘आजच चष्मा’ शोधणाऱ्याला पेठेतली शाखा दाखवायची, तर ते तिथे कुठेतरी लिहिलेलं असायला हवं. दोन पानांवर तोच मजकूर असला म्हणून सहसा शिक्षा होत नाही. पण तो एकसारखा वाटला तर गूगल त्यातलं एकच पान प्रमुख धरू शकतं, आणि दुसरी शाखा मागे पडते. जिथे दुकानच नाही अशा भागांच्या नावाने पानं काढणं मात्र थेट नियमाबाहेर आहे. नकाशावरच्या गूगल नोंदीत वर्णनाला ७५० अक्षरांची मर्यादा आहे आणि तिथे सवलतींची जाहिरात चालत नाही. म्हणून पूर्ण मजकूर आपल्या पानावर ठेवावा, नोंदीत त्याचं सार द्यावं आणि प्रत्येक नोंदीची लिंक त्याच शाखेच्या पानाला जोडावी.

वेगळेपणा आणायच्या नादात दोन चुका हमखास होतात. पहिली म्हणजे शब्द बदलणं. ‘विश्वासार्ह’च्या जागी ‘भरवशाचे’ घातल्याने वाचणाऱ्याच्या हाती नवं काही लागत नाही. दुसरी म्हणजे भागाचा इतिहास सांगणं. पेठ पेशवाईत कशी वसली, हे चष्मा घ्यायला निघालेल्या माणसाला त्या क्षणी नको असतं. भागाची ओळख कामाला जोडूनच यावी. पेठेत स्पर्धा परीक्षांचे विद्यार्थी मोठ्या संख्येने राहतात. त्यांच्यासाठी वाचनाच्या चष्म्याच्या स्वस्त फ्रेम वेगळ्या मांडल्या असतील, तर ते जरूर लिहावं. मांडल्या नसतील तर विद्यार्थ्यांचा उल्लेखही नको.

तिन्हीकडे खरोखर सारखं असलेलं, म्हणजे हमी, परताव्याचे नियम, दुकान कधी सुरू झालं, ते एकदाच वेगळ्या जागी लिहावं आणि शाखेच्या मजकुरातून तिकडे वाट दाखवावी. त्यामुळे शाखेचा मजकूर शंभर-सव्वाशे शब्दांत आटोपतो. मगरपट्ट्याबद्दल सांगण्यासारख्या चारच गोष्टी असतील, तर चार वाक्यंच लिहावीत. लांबी सारखी दिसावी म्हणून भरलेली वाक्यं पुन्हा त्या प्रशस्त दालनाकडेच जातात.

असा नेमका मजकूर लवकर शिळाही होतो. ऑप्टोमेट्रिस्टचे वार बदलतात, खुणेची इमारत पाडली जाते, नवं मेट्रो स्थानक सुरू होतं. ‘उत्तम सेवा’ कधी चुकीची ठरत नाही, पण ‘शनिवार-रविवार’ एका आठवड्यात चुकीचं ठरू शकतं. म्हणून प्रत्येक शाखेतल्या एका माणसाकडे हे काम नावानिशी द्यावं. महिन्यातून एकदा त्याने मजकूर वाचावा आणि फोनची वही शेजारी ठेवावी. मजकुरात उत्तर असलेला प्रश्न लोक अजूनही फोनवर विचारत असतील, तर ते वाक्य खूप खाली दडलं आहे किंवा नीट उतरलेलं नाही. ते वर आणावं, सोपं करावं आणि पुढच्या महिन्यात पुन्हा पाहावं.