नंबर कुणाच्या फोनात सेव्ह आहे?

पावसाळ्यात नांदेडच्या विष्णुपुरीत एकच प्रश्न घरोघर ऐकू येतो: "किती दरवाजे उघडले?" वरून जायकवाडीचं, पूर्णेचं पाणी सुटलं की गोदावरी फुगते, धरणाचे दरवाजे वर जातात आणि ही बातमी वसतिगृहांपर्यंत पोचते ती व्हॉट्सॲपच्या ग्रुपातून. माझा पहिला ग्रुप असलाच होता. मला कुणी विचारलं नव्हतं. रात्री फोन बंद करून झोपलो आणि सकाळी उठलो तेव्हा मी त्यात होतो. घालणाऱ्याचं नाव नव्हतं, नुसता नंबर दिसत होता.

तेव्हा ती सोयच तशी होती. ज्याच्याकडे तुमचा नंबर, त्याला तुम्हाला ग्रुपात घालता येई. तुम्ही बाहेर पडायचं आणि त्याने पुन्हा घालायचं, असे खेळ चालत. 3 एप्रिल 2019 रोजी व्हॉट्सॲपने 'कोण घालू शकेल' हे ठरवायचा अधिकार वापरणाऱ्याला देत असल्याचं जाहीर केलं. नांदेड आणि लातूरचं लोकसभेचं मतदान 18 एप्रिलला होतं, म्हणजे बरोबर पंधरा दिवस आधी. प्रचाराच्या ग्रुपांचा तेव्हा केवढा पूर होता, ते इथल्या प्रत्येकाला आठवत असेल.

हा अधिकार Settings मध्ये, तिथून Privacy मध्ये, तिथून Groups मध्ये सापडतो. आपण काही केलं नाही तर तिथे Everyone असतं. दुसरा पर्याय My contacts, आणि तिसरा My contacts except..., म्हणजे ओळखीचे सगळे, पण यांना वगळून. सुरुवातीला 'कुणीच नाही' असाही पर्याय होता. त्याच वर्षी त्याच्या जागी हा वगळण्याचा आला. वगळण्याच्या यादीत सगळ्यांनाच टाकलं, तर परिणाम 'कुणीच नाही' असाच होतो.

My contacts या दोन शब्दांत एक गंमत आहे. ती कळली तेव्हा मी खरंच चकित झालो. माझा भाचा इथल्या श्री गुरु गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी संस्थेत पहिल्या वर्षाला आहे. त्याचा खोलीतला सोबती आला होता, त्याला म्हटलं, "माझा नंबर तुझ्याकडे आहे, तुझा माझ्याकडे नाही. घाल बरं मला ग्रुपात." माझ्याकडे Everyone होतं. फोन टेबलावर पालथा होता, मी हातही लावला नाही. थरथरला आणि मी आत. मग मी My contacts केलं, ग्रुपातून बाहेर पडलो आणि म्हटलं, पुन्हा घाल. त्याला सांगण्यात आलं की यांना थेट घेता येणार नाही, हवं तर निमंत्रण पाठवा. "पण काका, तुमचा नंबर तर माझ्याकडे सेव्ह आहे," तो म्हणाला. मुद्दा तोच आहे. त्याच्याकडे आहे, माझ्याकडे नाही. मी त्याचा नंबर सेव्ह केला आणि पुढच्या खेपेला तो मला सहज घालू शकला.

लोक उलट समजतात. आपला नंबर ज्याच्या हाती लागला तो आपला 'कॉन्टॅक्ट' झाला, असं त्यांना वाटतं. पण यादी तुमच्या फोनातली मोजली जाते. लाखभर नंबर विकत घेऊन सेव्ह करणाऱ्या टोळीला या दारातून थेट आत येता येत नाही.

म्हणून मग मी माझीच यादी उघडली. 'पाइपवाला', 'रिक्षा स्टेशन', 'खोली दाखवणारा'. एका कामासाठी एकदा सेव्ह केलेली ही माणसं, आणि मला कुठल्याही ग्रुपात घालण्याचा हक्क त्यांच्याकडे आजही होता. मी बरेच नंबर काढले. काही गरजेचे होते, ते वगळण्याच्या यादीत टाकले.

या सेटिंगची एक मर्यादा मात्र नीट ध्यानात ठेवावी. ती फक्त कोण घालतो एवढंच बघते. आत कोण बसलंय ते बघत नाही. ओळखीच्या दुकानदाराने पाचशे जणांच्या ग्रुपात घातलं की त्या पाचशे जणांना माझा नंबर दिसतो आणि त्यांतला कुणीही मला वेगळा मेसेज करू शकतो. निमंत्रणाच्या लिंकवर आपण स्वतः बोट ठेवलं, तर मग कुठलंच सेटिंग आड येत नाही.

अनोळखी मेसेजचं दार वेगळं आहे आणि ते पूर्ण बंद होत नाही. कॉलसाठी Silence unknown callers आहे. त्याने अनोळखी कॉल वाजत नाही, पण यादीत दिसतो. मेसेजसाठी Privacy मधल्या Advanced खाली Block unknown account messages आहे. त्याने अनोळखी खात्यांचे मेसेज ठरावीक प्रमाणाबाहेर गेले तरच अडतात. एकट्यादुकट्याचा मेसेज येतोच.

असाच एक मेसेज ऑगस्ट 2025 मध्ये शेजारच्या हिंगोली जिल्ह्यातल्या एका सरकारी कर्मचाऱ्याला आला. 30 ऑगस्टचं लग्न, जरूर या, आणि खाली पत्रिकेची फाईल. त्याने ती उघडली आणि खात्यातून सुमारे 1 लाख 90 हजार रुपये गेले. आपल्याकडे लग्नाची पत्रिका आता व्हॉट्सॲपवरच येते, आणि नंबर ओळखीचा नसला तरी 'असेल कुणी पाहुणा' असं वाटतं. फसवणाऱ्याने तेवढंच हेरलं.

अशी फाईल जवळून बघा. नाव पत्रिकेचं असतं, पण त्याच्या शेवटी किंवा खाली बारीक अक्षरात APK लिहिलेलं असतं. पत्रिका फोटो असते, पीडीएफ असते, व्हिडिओ असतो. APK म्हणजे अँड्रॉइड फोनात बसवायचं ॲप. फाईल नुसती आली म्हणून काही बिघडत नाही. ती दाबल्यावर फोन विचारतो, या ठिकाणाहून ॲप बसवू द्यायचं का. पत्रिका बघायला ही परवानगी कशाला, एवढं तिथे मनात आलं तरी हात थांबतो. पुढे ॲप एसएमएस वाचायची परवानगी मागतं. ती दिली की बँकेचा ओटीपी तुमच्याआधी त्यांच्या हाती.

बसवून झालंच असेल तर आधी फोनचं इंटरनेट बंद करावं, दुसऱ्या फोनवरून बँकेला सांगावं आणि लगेच सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा 1930 हा नंबर लावावा. पैसा या खात्यातून त्या खात्यात फिरत असतो. तो काढून घेतला जाण्याआधी तक्रार पोचली तर रोखता येतो.

नुसता मेसेजच आला असेल तर उत्तर न देता Report आणि Block करावं. यातली एक गोष्ट मला फार विलक्षण वाटते. व्हॉट्सॲपला तुमचे मेसेज वाचता येत नाहीत, ते कुलपात असतात. पण रिपोर्ट केलं की त्या नंबराचे शेवटचे पाच मेसेज तुमच्याच फोनातून कंपनीकडे जातात. कुलूप तुम्ही उघडता, तेही तेवढ्यापुरतं. समोरच्याला कळतही नाही.

मधल्या खेपेला भाच्याच्या सोबत्याने मला ते निमंत्रण खरंच पाठवलं होतं. मी त्याला हात लावला नाही, तसंच ठेवलं. त्याची मुदत तीन दिवसांची असते. चौथ्या दिवशी मुद्दाम उघडून बघितलं, तर ते बाद झालं होतं.