डब्यावरचा आकडा आणि भिंतीचा हिशेब

दिवाळीच्या आधी खोली रंगवायची ठरली की दुकानात पहिला प्रश्न असतो, ‘किती लिटर लागेल?’ दुकानदार खोलीचा आकार विचारतो आणि अंदाजाने आकडा सांगतो. तो बरेचदा चुकतो, कारण खर्च ठरतो भिंतीच्या क्षेत्रफळावर आणि रंगाचे किती हात द्यायचे त्यावर. जमिनीच्या क्षेत्रफळावरून तो कळत नाही.

दहा बाय बारा फुटांची, दहा फूट उंचीची एक खोली घेऊ. चारही भिंतींची लांबी 44 फूट, उंची दहा, म्हणजे 440 चौरस फूट. त्यातून सात बाय तीनचा दरवाजा (21) आणि चार बाय चारची खिडकी (16) वजा केली की 403 उरतात. छताला बहुतेक वेगळा पांढरा रंग लागतो, म्हणून त्याचा हिशेब वेगळा ठेवावा.

आता डबा हातात घ्या. ‘एका लिटरमध्ये इतके चौरस फूट’ असं त्यावर लिहिलेलं असतं. हा आकडा एका हाताचा आहे की दोन हातांचा, ते शेजारच्या बारीक अक्षरांत पाहावं लागतं. अंदाज सर्वांत जास्त फसतात ते इथेच. समजा डबा एका हाताला 240 चौरस फूट म्हणतो. 403 फुटांना दोन हात म्हणजे 806 फूट. भागिले 240, म्हणजे साधारण 3.4 लिटर. चार लिटरचा डबा पुरेल असं वाटतं. एका हाताचाच आकडा दोन्ही हातांचा समजून भागलं, तर पावणेदोन लिटरच येतात आणि काम अर्ध्यावर थांबतं.

पण डब्यावरचा आकडा गुळगुळीत, प्रायमर दिलेल्या भिंतीचा असतो. खडबडीत गिलावा किंवा तहानलेली जुनी भिंत रंग जास्त पिते. तिथे लिटरला 200 फूट धरले, तर चार लिटरच्या किंचित वर आकडा जातो आणि चारच्या डब्यावर आणखी एक लिटर घ्यावा लागतो. भिंत कशी आहे हे तळहाताने कळतं. कोरड्या भिंतीवर हात घासा. पांढरी भुकटी लागली तर जुना चुना किंवा डिस्टेंपर सुटतोय. तो खरवडून, प्रायमर न देता नवा रंग मारला तर काही महिन्यांत पोपडे सुटतात. ओल असेल तर आधी गळती शोधावी. ओल्या भिंतीवर कितीही महाग रंग टिकत नाही.

खर्चाचं उदाहरण मांडू. दर गावोगाव बदलतात, हे फक्त हिशेबासाठी. रंग पाच लिटर, 400 रुपयांनी 2000. प्रायमर चार लिटर 600. भेगा-खड्डे बुजवायला पुट्टी 800. पॉलिश पेपर वगैरे 200. माल झाला 3600. मजुरी, घासणं, पुट्टी, प्रायमर आणि दोन हात धरून फुटाला 12 रुपये, म्हणजे 4836. एकूण 8436. मालापेक्षा मजुरी जास्त आहे, आणि तिचा मोठा भाग घासण्या-भरण्यात जातो. म्हणून लिटरमागे पन्नास रुपये वाचवायला हलका रंग घेणं मला पटत नाही. त्यात वाचतात 250 रुपये. हलक्या रंगात भिंत झाकली गेली नाही आणि तिसरा हात द्यावा लागला, तर आणखी दोन लिटर (सुमारे 700) आणि फुटाला तीन रुपये मजुरी धरली तरी 1209, म्हणजे एकूण सुमारे एकोणीसशे वाढतात.

गडद भिंतीवर फिका रंग द्यायचा असेल तर तिसरा हात आधीच हिशेबात धरा. रंगाऱ्याशी बोलताना तीन गोष्टी ठरवून घ्या: दर मालासकट की फक्त मजुरीचा, त्यात किती हात, आणि दारं-खिडक्या वजा होणार की नाहीत. खिडकीच्या कडा रंगवाव्या लागतात म्हणून बरेच रंगारी वजा करत नाहीत. आपल्या खोलीत हा फरक 444 रुपयांचा आहे. त्यावर वाद कामानंतर होतो, आधी ठरवलं तर होत नाही.

काम चालू असताना पाण्यावर लक्ष ठेवा. डब्यावरचं प्रमाण सोडून पाणी ओतलं की रंग लांब पसरतो, पण रोलरवरून ओघळतो आणि सुकल्यावर खालचे डाग वर दिसतात. क्षेत्रफळाचा आकडा पाणी घालण्यापूर्वीच्या रंगाचा असतो, हे लक्षात असू द्या.

शेड मशीनवर तयार करून घेतली की दुकानदार सहसा डबा परत घेत नाही, म्हणून आधी चार लिटरच आणावेत. सगळ्या भिंतींना पहिला हात झाल्यावर डब्यात निम्म्याहून कमी रंग उरला असेल, तर शेडचा नंबर देऊन एक लिटर त्याच दिवशी मागवा. तो जुन्या रंगात एकत्र ढवळूनच दुसरा हात सुरू करा, म्हणजे एकाच भिंतीवर छटेचा फरक दिसणार नाही.