एकवीस दिवसांच्या क्लासचा हिशेब

तालुक्याच्या गावातल्या एका चौकात दोन मोटार ड्रायव्हिंग स्कूलच्या पाट्या समोरासमोर असतात. एकीवर ‘कार शिका ४,५०० रुपयांत’, दुसरीवर तोच कोर्स ६,५०० रुपयांना. गिऱ्हाईक साहजिकच पहिल्या पाटीखाली थांबतं. दोन हजारांचा हा फरक नेमका कशाचा, हे समजायचं तर आधी कोर्सचा खर्च मांडून पाहावा लागतो.

सुरुवात कायद्यापासून करू. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार खासगी वापराच्या गाडीसाठी प्रशिक्षण किमान २१ दिवस चालायला हवं आणि त्यात प्रत्यक्ष गाडी चालवण्याचे तास किमान १० भरायला हवेत. रोज अर्धा तास धरला, की २१ दिवसांत साडेदहा तास होतात. बहुतेक कोर्सची चौकट इथूनच येते.

आता एक नमुना घेऊ. एक ड्युअल कंट्रोलची छोटी पेट्रोल गाडी आहे आणि एक प्रशिक्षक. गल्लीबोळांतून, रिव्हर्स आणि हाफ क्लच शिकवत, अर्ध्या तासात गाडी फार तर ८ किलोमीटर धावते. विद्यार्थ्याला घरून घेण्याची रिकामी फेरी धरली, तर कोर्सभरात २०० किलोमीटर होतात. शिकाऊ पायाखाली गाडी लिटरला ११ किलोमीटरच देते असं मानलं आणि पेट्रोल १०५ रुपये धरलं, तर इंधनाचे साधारण १,९०० रुपये होतात. म्हणजे एका धड्याला नव्वद.

इंधनाचा खर्च निदान मालकाच्या डोळ्यांसमोर असतो. हिशेब चुकतो तो प्रशिक्षकाच्या वेळेत. समजा, त्याचा पगार महिना १८ हजार आहे, गाडीचा हप्ता, विमा, टायर, क्लच प्लेट मिळून १५ हजार आणि ऑफिसचे ९ हजार. असे ४२ हजार दर महिन्याला जाणारच, विद्यार्थी येवोत वा न येवोत. कागदावर दिवसाला १२ धडे बसतात. पण भर दुपारी कुणी येत नाही, पावसाळ्यात दांड्या वाढतात, एखादा आयत्या वेळी ‘उद्या येतो’ म्हणून फोन करतो. हाती ९ धडे लागले तरी चांगलं. महिन्याचे २५ दिवस धरून १२ धड्यांच्या हिशेबाने हा स्थिर खर्च धड्यामागे १४० रुपये पडतो, ९ धड्यांच्या हिशेबाने १८७. एका कोर्सवर हाच फरक हजाराच्या घरात जातो. भरलेल्या वेळापत्रकावर भाव ठरवणारी शाळा म्हणूनच वर्षभर गर्दी असूनही तोट्यात राहू शकते.

इंधनाचे ९० आणि वरचे १८७ मिळून धडा २७७ रुपयांना पडतो, २१ धड्यांचे सुमारे ५,८००. मालकाची कमाई धरून ६,५०० हा भाव वाजवी म्हणायचा. मग समोरचा साडेचार हजारांत कसा शिकवतो? बऱ्याचदा अर्ध्या तासाची पंधरा मिनिटं करून. गाडीत तीन विद्यार्थी बसवायचे, एक चालवणार, दोघे मागे बसून बघणार. दिवस एकवीसच भरतात, स्टिअरिंग मात्र हातात राहतं पाच तासच. पैसे भरण्याआधी धडा किती मिनिटांचा आणि गाडीत एका वेळी किती जण, हे दोन प्रश्न विचारले तरी बरंच उघडं पडतं.

राहिली ट्रायल. पहिल्या ट्रायलला गाडी आणि प्रशिक्षक कोर्समध्येच द्यावेत, यावर फारसा वाद नाही. वाद असतो तो नापास झाल्यावर. नियमांतली फेरचाचणीची सरकारी फी ३०० रुपये, ती शाळेच्या हातात नाही. शिवाय आरटीओपर्यंतची जा-ये, रांगेत जाणारी अर्धी सकाळ आणि तेवढा वेळ अडकलेली गाडी यांचा खर्च आठ-नऊशेच्या आसपास जातो. एकाच फेरीत तिघांना नेलं, तर तो माणशी तीनशेवर येतो. हा खर्च सगळ्यांच्या पॅकेजमध्ये मुरवला, तर पहिल्या फटक्यात पास होणारा दुसऱ्याच्या ट्रायलचे पैसे भरतो. म्हणून वेगळा आकार न्याय्य. मात्र तो खर्चाच्या जवळपासच असावा. फेरट्रायलला दीड-दोन हजार घेणाऱ्या शाळेला विद्यार्थी नापास झालेलाच परवडतो, आणि ही ओढ शिकवण्यात उतरल्याशिवाय राहत नाही. पावतीवर सरकारी फी, गाडी-प्रशिक्षकाचा आकार आणि हवे असल्यास जादा धडे, अशा तीन वेगळ्या ओळी मागून घ्याव्यात. जादा धडे शक्यतो घ्यावेतच, कारण पुढची ट्रायल किमान सात दिवसांनी मिळते आणि तेवढ्यात हाताची सवय मोडते.

तीनदा नापास झालं, की प्रकरण महाग होतं. मोटार वाहन कायद्यानुसार मग ६० दिवस थांबावं लागतं आणि पुन्हा प्रशिक्षण घ्यावं लागतं. लर्निंग लायसन्सची मुदत सहा महिन्यांची. ते मिळाल्यावर तीस दिवसांनी पक्क्या लायसन्सची ट्रायल देता येते. ती चार-पाच महिने लांबवणाऱ्याची मुदत या साठ दिवसांतच संपून जाते आणि लर्निंगपासून सगळं नव्याने भरावं लागतं. त्यामुळे कोर्स ठरवतानाच ट्रायलची तारीख शाळेकडून वहीत लिहून घेतलेली बरी.