वक्राला धरून चालणारा वक्र

९७४ ला ९ ने भागलं तर भागाकार १०८ येतो आणि बाकी २ उरते. ९,९९,७०४ ला ९९ ने भागलं तर भागाकार १०,०९८ येतो आणि बाकी पुन्हा २. आकडे इतके वाढले, पण बाकी जागची हलली नाही. हा योगायोग नाही, कारण हे दोन्ही भागाकार एकाच फलनातून आले आहेत:

y = (x³ − 3x + 4) / (x − 1)

x च्या जागी १० घातले की पहिला भागाकार मिळतो, १०० घातले की दुसरा. एका बहुपदीला दुसऱ्या बहुपदीने भागून तयार होणाऱ्या अशा फलनाला परिमेय फलन म्हणतात. इथे अंशाची कोटी ३ आहे आणि छेदाची १, म्हणजे अंश दोन पायऱ्या वर आहे. या दोन पायऱ्यांमुळे आलेखाला एक वेगळंच वळण मिळतं.

आलेख दूरवर जाताना ज्या रेषेच्या अधिकाधिक जवळ सरकत राहतो, तिला त्याची अनंतस्पर्शी म्हणतात. शाळा-कॉलेजात ती बहुधा सरळ रेषा असते: आडवी, उभी किंवा तिरपी. अंशाची कोटी छेदापेक्षा एकानेच जास्त असेल, तर तिरपी रेषा पुरते. फरक दोनचा झाला की आलेख इतक्या वेगाने वर चढतो की कुठलीच तिरपी रेषा त्याला धरून राहू शकत नाही. तिथे अन्वस्त लागतो. हवेत तिरका फेकलेला चेंडू ज्या वाटेने जातो, तोच हा आकार, फक्त आपल्या उदाहरणात त्याचं तोंड वर आहे.

हा अन्वस्त शोधायला नववीतला बहुपदींचा भागाकार पुरतो. मांडणी करताना आधी एक गोष्ट पाहायची. अंशात x² चं पद नाही, म्हणून त्याची जागा शून्याने भरून ठेवायची: x³ + 0x² − 3x + 4. ही जागा रिकामी सोडली तर पुढची पदं भलत्याच रकान्यात जाऊन बसतात आणि सगळा भागाकार बिघडतो.

आता x³ ला x ने भागून x² मिळतो. x² ने (x − 1) ला गुणून वजा केलं की x² − 3x + 4 उरतं. त्यातल्या x² ला x ने भागून x मिळतो. पुन्हा गुणून वजा केलं की −2x + 4 उरतं. शेवटी −2x ला x ने भागून −2 मिळतात आणि वजाबाकीनंतर हाती 2 उरतात. त्यांची कोटी छेदापेक्षा कमी आहे, म्हणून भागाकार इथे थांबतो. एकूण मांडणी अशी:

y = x² + x − 2 + 2/(x − 1)

सुरुवातीच्या दोन्ही उदाहरणांत बाकी २ का राहिली, ते इथे दिसतं. १०० + १० − २ म्हणजे १०८, आणि १०,००० + १०० − २ म्हणजे १०,०९८. बाकी दोन्हीकडे तीच.

आलेखाच्या दृष्टीने या मांडणीचे दोन भाग पडतात. x² + x − 2 हा भागाकार म्हणजे आपला अन्वस्त, आणि 2/(x − 1) हे आलेख आणि अन्वस्त यांच्यातलं उभं अंतर. x = 10 असताना हे अंतर २/९, म्हणजे सुमारे ०.२२ असतं. x = 100 असताना ते ०.०२ च्या आसपास येतं. x जितका मोठा, तितकं अंतर लहान, पण ते शून्य कधीच होत नाही. डाव्या बाजूला x = −10 घेतला तर अंतर −२/११ येतं. म्हणून उजवीकडे आलेख अन्वस्ताच्या किंचित वर राहतो आणि डावीकडे किंचित खाली.

पुष्कळ विद्यार्थी इथे एक घाई करतात. ते अंशातलं x³ आणि छेदातला x एवढेच पाहतात आणि y = x² हीच अनंतस्पर्शी असं लिहून मोकळे होतात. x = 100 असताना फलनाची किंमत १०,०९८.०२ आहे आणि x² ची १०,०००. गुणोत्तर १.०१ च्या आत आहे, त्यामुळे उत्तर बरोबरच वाटतं. पण फरक ९८ चा आहे. x = 10 असताना तो जेमतेम ८ होता आणि x = 1000 ला तो ९९८ होतो. गुणोत्तर १ कडे जात असताना दोन वक्र मात्र एकमेकांपासून दूर पळत आहेत. अनंतस्पर्शी ठरते ती फरकावरून. फरक शून्याकडे जायला हवा, आणि त्यासाठी भागाकारातलं प्रत्येक पद लागतं. शेवटचे −2 सुद्धा. ते सोडले तर आलेख आणि वक्र यांच्यात जवळपास २ चं अंतर कायमचं राहून जातं.

ही सोबत फक्त दूरवरची आहे. x = 1 पाशी छेद शून्य होतो. अन्वस्त तिथे (1, 0) या बिंदूतून सहज पुढे जातो, आलेख मात्र तुटतो. x = 1.1 ला फलनाची किंमत २०.३१ आहे, तर x = 0.9 ला −२०.२९. म्हणजे x = 1 ही उभी अनंतस्पर्शी. अन्वस्त x = −0.5 ला तळ गाठून पुन्हा वर वळतो, पण आलेखाची डावी शाखा वळतच नाही. ती डावीकडच्या उंचीवरून उतरत येते आणि उभ्या रेषेला लागून खालीच जात राहते. उजवी शाखा त्या रेषेला लागून वरून खाली येते, x सुमारे १.६८ असताना तळ गाठते आणि मग अन्वस्ताच्या दिशेने चढते.

सगळं एकत्र पाहिलं की वर जाणारी तीन टोकं दिसतात: दोन्ही कडांना अन्वस्ताच्या सोबतीने जाणारी आणि मध्ये उभ्या रेषेलगतचं एक. खाली जाणारं टोक एकच, एखाद्या दांड्यासारखं. आयझॅक न्यूटन यांनी १७०४ मध्ये ‘ऑप्टिक्स’ या ग्रंथाला जोडून तिसऱ्या कोटीच्या वक्रांचं वर्गीकरण प्रसिद्ध केलं. त्यात या जातीच्या वक्राला त्यांनी त्रिशूल असं नाव दिलं. उभी रेषा शून्यावर आणून, म्हणजे x − 1 ला u म्हणून, आपलं समीकरण लिहिलं तर uy = u³ + 3u² + 2 होतं. न्यूटन यांच्या त्रिशुळाचं रूप नेमकं हेच आहे. याच कुळातला एक वक्र देकार्त यांनी १६३७ च्या ‘ला जिओमेत्री’मध्ये वापरला होता.

हा आलेख आपल्या अन्वस्ताला कुठेच छेदत नाही, कारण बाकी २ आहे आणि २ कधी शून्य होत नाहीत. पण असं नेहमीच घडतं असं समजू नये. (x⁴ + x² + x) / (x² + 1) हे फलन घ्या. इथेही कोटींचा फरक दोनचाच आहे. भागाकार x² येतो आणि बाकी x उरते. x = 0 असताना ही बाकी शून्य होते, म्हणून आलेख तिथे y = x² ला छेदून एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जातो. तरीही y = x² हीच त्याची अनंतस्पर्शी राहते, कारण ती दूरच्या वागणुकीवर ठरते, मधल्या गाठीभेटींवर नाही. छेद कुठे होतो ते शोधायचं असेल, तर बाकी शून्य धरून समीकरण सोडवायचं.

आणि बाकी मुळातच शून्य आली तर? आपल्या पहिल्या फलनात अंशातल्या 4 च्या जागी 2 लिहा. आता (x − 1) ने पूर्ण भाग जातो. उभी अनंतस्पर्शी नाहीशी होते आणि आलेख म्हणजे तो अन्वस्तच उरतो, फक्त (1, 0) हा एक बिंदू गाळलेला. म्हणून आलेख काढायला बसण्याआधी भागाकार पुरा करावा. सोबत कोणत्या वक्राची आहे हे भागाकार सांगतो. आलेख त्याच्या वर आहे की खाली, त्याला कुठे छेदतो, की त्याच्यातच मिसळून गेला आहे, हे बाकी सांगते.