राजीनामा दिला, पण स्वीकारल्याचे पत्र आले का?

कोकण रेल्वेच्या एका कर्मचाऱ्याने 23 वर्षांच्या नोकरीनंतर 5 डिसेंबर 2013 रोजी राजीनामा दिला. महिनाभरानंतर तो लागू धरावा, असे त्याने लिहिले होते. रेल्वेने पुढे 15 एप्रिल 2014 च्या पत्राने राजीनामा स्वीकारला आणि तो 7 एप्रिलपासून लागू धरला. पण कर्मचाऱ्याचे म्हणणे होते की ते पत्र त्याच्या हाती कधी पडलेच नाही. मे महिन्यात तर त्याला गैरहजेरीबद्दल विचारणा झाली आणि तो कामावर हजर झाला. 26 मे रोजी त्याने राजीनामा मागे घेतला, तरी 1 जुलैला त्याला कार्यमुक्त केले गेले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. सप्टेंबर 2024 मध्ये न्यायालयाने त्याला सेवेत परत घेण्याचा आदेश दिला. स्वीकृतीचे पत्र कार्यालयाच्या आतच राहिले, त्यामुळे राजीनामा पक्का झाला नव्हता, असे न्यायालयाने मानले.

एवढा मोठा निकाल एका कागदावर फिरला. तो सरकारी उपक्रमातला होता. खासगी नोकरीत नेमणूकपत्रातल्या अटींना अधिक वजन असते. पण पत्र लिहिणे आणि ते माणसाच्या हाती देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे दोन्हीकडे खरे. म्हणून या पत्रात काय असायला हवे, ते नीट पाहू.

सगळ्यात आधी तारीख. पुण्यातल्या एका कारखान्याच्या लेखा विभागातले उदाहरण धरा. कर्मचारी 10 मार्चला ईमेलने राजीनामा पाठवते. नोटीस 60 दिवसांची. 11 मार्चपासून मोजले तर मार्चचे 21, एप्रिलचे 30 आणि मेचे 9 दिवस मिळून 60 होतात. शेवटचा दिवस 9 मे. नव्या नोकरीत तिने 11 मेला येते म्हणून सांगितले आहे. पण साहेबांनी राजीनाम्याला मंजुरी दिली 17 मार्चला, आणि एचआरने मोजणी तिथून केली. शेवटचा दिवस झाला 16 मे. दोन्ही बाजू प्रामाणिक असूनही सात दिवसांचा फरक पडला.

हे सात दिवस फुकट जात नाहीत. तिचा पगार 48,000 आणि त्यातला मूळ पगार 24,000 असेल, तर महिना 30 दिवसांचा धरून पूर्ण पगारावर 11,200 रुपये कापले जातात, मूळ पगारावर 5,600. कपात कशावर करायची, हे नेमणूकपत्रात असते. तिथे नुसता ‘नोटीस पे’ असा शब्द असेल तर वाद ठरलेला. म्हणून पत्रात राजीनामा मिळाल्याची तारीख, मोजणी कधीपासून आणि शेवटचा दिवस, तिन्ही लिहावेत. नोटीशीच्या काळात घेतलेली रजा दिवसांत मोजायची की तेवढी मुदत वाढवायची, हेही त्यातच यावे. हीच तारीख पुढे रिलीव्हिंग लेटरवर आणि पीएफच्या नोंदीत जाते. पीएफमध्ये नोकरी सोडल्याची तारीख नव्या नोकरीच्या सुरुवातीनंतरची पडली, तर दोन नोकऱ्या एकमेकींवर चढलेल्या दिसतात आणि जुना पैसा वळवताना अडकतो.

दुसरा, आणि माझ्या मते अधिक त्रासाचा भाग म्हणजे काम सोपवणे. बहुतेक पत्रांत ‘समाधानकारक हँडओव्हर झाल्यावर कार्यमुक्त केले जाईल’ असे एक वाक्य असते. समाधान कोणाचे, कशाने मोजायचे? अशा वाक्याने माणूस शेवटच्या दिवशी वरिष्ठांच्या मर्जीवर उभा राहतो, आणि हे योग्य नाही. त्याऐवजी पत्रातच लिहावे: मार्चअखेरची खाती, पुरवठादारांची थकबाकी आणि जीएसटीची कागदपत्रे अमुक सहकाऱ्याकडे 30 एप्रिलपर्यंत, लॅपटॉप आणि ओळखपत्र शेवटच्या दिवशी. जिच्याकडे काम जाणार तिने प्रत्येक बाबीसमोर तारखेनिशी सही करावी. लेखा विभागात हमखास राहून जाणारी गोष्ट म्हणजे मोबाइल नंबर. बँकेचा किंवा जीएसटी पोर्टलचा ओटीपी जुन्याच कर्मचाऱ्याच्या फोनवर येत राहतो. मग ती नव्या ऑफिसात बसलेली असताना जुन्या ऑफिसातून फोन येतो, ‘ताई, एक ओटीपी सांगता का?’ नंबर बदलण्याचे काम यादीत सगळ्यात वर घ्यावे. बँकेच्या अर्जाला वेळ लागतो.

कंपनीने काही दिवस आधी सोडायचे मान्य केले असेल, तर तेही पत्रात यायला हवे. ‘साहेब हो म्हणाले’ एवढे हिशेबाच्या वेळी पुरत नाही.

आणि पत्र आलेच नाही तर? आठवडाभर वाट पाहून एचआर आणि वरिष्ठ दोघांना एक छोटा ईमेल लिहावा: ‘मी 10 मार्चला राजीनामा दिला आहे. माझ्या मोजणीप्रमाणे शेवटचा दिवस 9 मे आहे. वेगळे असल्यास कृपया कळवावे.’ त्याची प्रत स्वतःच्या खासगी ईमेलवरही ठेवावी, कारण कंपनीचे खाते शेवटच्या दिवशी संध्याकाळी बंद होते.