रिकामी लिफ्ट वर का पळते?

लिफ्टची भीती वाटणाऱ्या माणसाला विचारलं, तर तो दोर तुटण्याचंच बोलतो. लिफ्टचा मेकॅनिक दोराबद्दल फारसं बोलत नाही. त्याचं लक्ष ब्रेकवर असतं, आणि ते का, हे कळायला थोडा वजनांचा हिशेब मांडावा लागतो.

सात मजली सोसायटीतली आठ माणसांची लिफ्ट घेऊ. आतल्या पाटीवर 544 किलो लिहिलेलं असतं, कारण आपल्याकडे माणशी 68 किलो धरतात. केबिन 800 किलोची मानली, तर भरलेली लिफ्ट 1344 किलोची झाली. मोटरच्या वाट्याला मात्र यातला जेमतेम पाचवा हिस्सा येतो. बाकीचं ओझं दोरांच्या दुसऱ्या टोकाला लटकलेलं काउंटरवेट तोलून धरतं. लोखंडी चौकटीत एकावर एक रचलेले हे जड ठोकळे केबिन वर गेली की खाली येतात. त्यांचं वजन केबिनचं वजन अधिक क्षमतेच्या साधारण निम्मं ठेवतात. आपल्या हिशेबात 1072 किलो. आत चार माणसं असली की दोन्ही बाजू सारख्या. आठ असली तर केबिन 272 किलोंनी जड, कुणीच नसेल तर काउंटरवेट तेवढंच जड. म्हणजे रिकामी लिफ्ट खाली आणायला मोटरला भरलेली वर नेण्याइतकेच कष्ट पडतात.

दोर मोटरच्या पुलीला कुठेही बांधलेले नसतात. ते तिच्या खाचांतून नुसते गेलेले असतात आणि घर्षणावर ओढले जातात. यात एक सोयही आहे. काही बिघडून काउंटरवेट तळाच्या खड्ड्यातल्या बफरवर टेकलं, तर त्या बाजूचे दोर सैल पडतात, पुली जागच्या जागी घसरते आणि केबिन छताला जाऊन आदळत नाही.

मोटरजवळचा ब्रेक स्प्रिंगच्या जोरावर कायम आवळलेला असतो. वीज मिळाली की विद्युतचुंबक तो उघडतो; वीज गेली की तो आपोआप बसतो. त्याचं लायनिंग झिजलं किंवा त्यावर तेल उडालं, तर जड बाजू खाली जाणार. लिफ्ट रिकामी असेल तर जड बाजू काउंटरवेटची, म्हणून ती वर पळते. जुन्या लिफ्टमध्ये याची चाहूल आधी लागते. गर्दी असताना केबिन मजल्याच्या चार बोटं खाली थांबू लागते आणि एकटं असताना वर.

आता दोराकडे येऊ. दोर एकच नसतो, तीन-चार असतात, आणि त्यांतला एकेक सगळा भार पेलू शकतो. तरीही केबिन खाली सुसाट निघालीच, तर गव्हर्नर जागा होतो. याचा बारीक दोर वेगळा असतो, तो केबिनबरोबर फिरत राहतो. ठरलेल्या वेगाच्या किमान 15 टक्के वर गेल्यावर गव्हर्नरचा जबडा हा दोर पकडतो. दोर थांबतो, केबिन खाली जात राहते, त्या ओढीने केबिनखालच्या पाचरी वर खेचल्या जाऊन दोन्ही गाइड रेलवर घट्ट बसतात. केबिनचं वजनच त्यांना आणखी आवळतं. त्या सोडवायच्या तर केबिन वरच उचलावी लागते. एलिशा ओटिसने 1854 साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात दोर कापायला लावून दाखवलं, ते याच जातीचं काम. पण या पाचरी सहसा खाली जातानाच धरतात. वर पळणाऱ्या लिफ्टसाठी वेगळी सोय लागते, आणि पुष्कळ जुन्या लिफ्टमध्ये ती नाही.

समजा, वीज गेली आणि पाचव्या-सहाव्या मजल्यांमध्ये दोघं अडकले. मेकॅनिक वर जाऊन आधी मेन स्विच बंद करतो, सगळे दरवाजे लागलेत याची खात्री करतो, मग ब्रेकचा दांडा क्षणभर दाबतो आणि सोडतो, पुन्हा दाबतो, सोडतो. जिन्यातून "खाली घ्या, खाली घ्या" असा ओरडा चालू असतो आणि केबिन हळूहळू सहाव्याकडे सरकते. दोघंच असल्यामुळे काउंटरवेट जड आहे. आत चार जण असते, तर ब्रेक उघडूनही ती हलली नसती, हाताने चाक फिरवावं लागलं असतं.

मधल्या काळात दरवाजा ओढून उडी मारू नका. केबिन मजल्याच्या वर अडकली असेल, तर तिच्या तळाखाली उघडा शाफ्ट असतो आणि घसरलेला पाय तिथेच जातो. घंटा वाजवा आणि आत थांबा. बाहेर असाल, तर त्यांना ओढून काढायला धावू नका. आणि सोसायटीच्या पुढच्या सभेत रंगकामाआधी एवढं विचारा: गव्हर्नर हाताने अडकवून पाचरी रेलवर बसतात का, हे शेवटचं कधी पाहिलं?