बेदाण्याचा कागद अरबीत जाताना

तासगावचा बेदाणा न्हावा शेवा बंदरातून जेद्दाला निघतो, तेव्हा कंटेनर जहाजावर चढण्याआधीच त्याच्या कागदांचे फोटो तिकडे पोचलेले असतात. इथल्या सीएचएच्या, म्हणजे कस्टमचं काम बघणाऱ्या एजंटच्या ऑफिसात कुणीतरी शिपिंग बिल आणि इन्व्हॉइस टेबलावर पसरतं, मोबाइलने टिपतं आणि व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतं. शिपिंग बिल म्हणजे आपल्या कस्टमपुढे केलेलं निर्यातीचं घोषणापत्र. सौदीतला आयातदार ते फोटो आपल्या ‘मुखल्लिस’कडे, म्हणजे तिकडच्या सीएचएकडे देतो. मुखल्लिसला ‘बयान जुमरुकी’, म्हणजे आयातीचं घोषणापत्र भरायचं असतं. त्यासाठी इंग्रजी कागदात काय लिहिलंय ते अरबीत हवं असतं, आणि बहुधा आजच्या आज.

हे काम करणाऱ्या भाषांतरकाराला सुंदर अरबीचा फारसा उपयोग नसतो. त्याच्यासमोर दोन प्रकारचा मजकूर असतो. आकडे एकमेकांची साक्ष देतात, म्हणून त्यांची चूक पकडता येते. मालाच्या वर्णनाला असा साक्षीदार क्वचितच मिळतो. कामाची सगळी पद्धत या फरकावर बेतलेली असते.

उदाहरणादाखल एक खेप घेऊ. १० किलोचे १,५०० खोके, निव्वळ वजन १५,००० किलो. खोक्यासकट एकाचं वजन १०.४५० किलो, म्हणून एकूण वजन १५,६७५ किलो. भाव किलोला २.४० डॉलर, एफओबी न्हावा शेवा. म्हणजे माल जहाजावर चढवेपर्यंतची किंमत ३६,००० डॉलर. जहाजाचं भाडं १,२०० डॉलर. पुढे विम्याच्या रकान्यावर निळा शिक्का बसलाय आणि फोटोत त्या जागी फक्त दोन अंकी काहीतरी दिसतं. ते ५० असेल, ६० असेल किंवा ८०. खाली सीआयएफ, म्हणजे भाडं आणि विमा धरून झालेली किंमत, ३७,२६० डॉलर अशी छापलेली आहे.

इथे अंदाज करायची गरजच नाही. ३७,२६० मधून ३६,००० आणि १,२०० वजा केले की ६० उरतात. इन्व्हॉइसच्या तळाशी हीच रक्कम अक्षरीही असते, ती दुसरी साक्ष. जाणता भाषांतरकार आधी अशी बेरीज-वजाबाकी करून घेतो आणि मगच भाषांतराला हात घालतो. नग गुणिले भाव, निव्वळ वजन अधिक खोक्यांचं वजन, सगळ्या ओळींची बेरीज. काही जुळलं नाही तर चूक फोटोत आहे की मूळ कागदातच आहे, हे त्याला ठरवायचं नसतं. तो फोटो पुन्हा मागवतो. या वेळी शक्य तर व्हॉट्सअ‍ॅपवर चित्र म्हणून न पाठवता ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगतो, कारण चित्र म्हणून गेलेली फाइल दाबून लहान केली जाते आणि दशांश चिन्हं सगळ्यात आधी गळतात. शिपिंग बिलात वजन बरेचदा तीन दशांश स्थळांपर्यंत छापतात. १५०००.००० मधला ठिपका पुसला गेला, की पंधरा टनांचे दीड कोटी किलो होतात.

अरबी आकड्यांत मराठी माणसासाठी एक खास खड्डा आहे. इजिप्तपासून आखातापर्यंत जे अंक लिहितात, त्यांतला पाच हा जवळजवळ आपल्या देवनागरी शून्यासारखा गोल दिसतो, आणि त्यांचं शून्य म्हणजे नुसता एक ठिपका. घाईत असलेला डोळा ‘५०’ पाहून गोल आणि ठिपका यांची अदलाबदल करू शकतो. दोन आणि तीन यांत तर फक्त एका दातऱ्याचा फरक आहे. मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशियाकडे मात्र इंग्रजीतलेच अंक चालतात, पण तिथे दशांशासाठी स्वल्पविराम वापरतात. म्हणजे आपला ‘३७,२६०’ तिथल्या वाचकाला सदतीस पूर्णांक काही दशांश वाटू शकतो. यावर साधा उपाय असा, की भाषांतरात अंक मूळ कागदातल्यासारखेच, इंग्रजी, ठेवायचे आणि रकमेला दोन दशांश स्थळं कधी सोडायची नाहीत. ३७,२६०.०० लिहिलं की शंकेला जागा उरत नाही. रुपयांचा आकडा असेल तर आपले लाखाचे स्वल्पविराम काढून हजाराचे घालावे लागतात. २९,८८,००० हा आकडा जेद्दात पाहिला तर कुठेतरी अंक गळल्यासारखा वाटतो.

अरबीत रक्कम अक्षरी लिहायच्या रिवाजाला स्वतंत्र नावच आहे, ‘तफ्कीत’. ते ‘फकत’, म्हणजे फक्त, या शब्दावरून आलंय. आपल्याकडे चेकवर शेवटी ‘फक्त’ लिहितात तसाच हा प्रकार. आपला सदतीस आणि त्यांचं सदतीस एका बाबतीत सारखे आहेत: दोन्हींत सात आधी येतो, तीस नंतर. इंग्रजीत उलट. त्यामुळे इंग्रजी कागद समोर ठेवून एकाने आकडे मोठ्याने वाचायचे आणि दुसऱ्याने टिपायचे, असं काम चाललं असेल, तर ३७ चे ७३ होणं अगदी सोपं. तफ्कीत स्वतंत्रपणे, मूळ इंग्रजी अक्षरी रकमेवरून करावी. अरबी अंकांवरून केली तर ती साक्षीदार राहत नाही, आधीच्या चुकीचा प्रतिध्वनी होते.

आता किंमत. शिपिंग बिलावर एफओबी किंमत ठळक असते, कारण आपल्या कस्टमला निर्यातीत तीच लागते. सौदीसह आखाती देशांत आयातशुल्क सीआयएफ किमतीवर बसतं. भाषांतरकाराने ठळक दिसला म्हणून ३६,००० चा आकडा ‘कस्टम मूल्य’ या अरबी रकान्यात टाकला, तर घोषित किंमत १,२६० डॉलरनी कमी झाली. सौदी रियाल १९८६ पासून डॉलरला ३.७५ या दराने बांधलेला आहे, म्हणजे हा फरक ४,७२५ रियालचा. शुल्क ५ टक्के धरलं तर २३६ रियाल आणि वर थोडे. रक्कम किरकोळ आहे, पण मुखल्लिसने भरलेला आकडा आणि सोबतचा इन्व्हॉइस जुळत नाहीत, हे तपासनीसाला दिसतं. मग प्रश्न पैशांचा राहत नाही, आयातदाराने किंमत कमी का दाखवली याचा होतो. म्हणून रकान्याचं नाव मूळ कागदावर जे आहे तेच अरबीत उतरवायचं: एफओबी तिथे एफओबी, सीआयएफ तिथे सीआयएफ. दर पक्का माहीत असला तरी डॉलरचे रियाल करून द्यायचे नाहीत. ते काम बयान भरताना होतं. नुसतं ‘रियाल’ किंवा ‘दिनार’ लिहिणंही धोक्याचं. रियाल ओमानचाही आहे, आणि ओमानी रियालचे हजार बैसे होतात, म्हणून तिथे तीन दशांश स्थळं लागतात.

जाता जाता एक सावधगिरी. आपण आयातशुल्काला सहज ‘जकात’ म्हणतो. अरबीत ‘जकात’ म्हणजे धर्माने सांगितलेलं देणं. कस्टमच्या शुल्काला ते ‘रुसूम जुमरुकिया’ म्हणतात. गंमत अशी की सौदीत २०२१ पासून जकात, कर आणि सीमाशुल्क या तिन्हींसाठी एकच प्राधिकरण आहे. म्हणजे मराठी डोक्याने अरबी केलं, तर चूक अगदी योग्य ऑफिसात जाऊन पोचेल.

वर्णनाकडे वळलं की काम अवघड होतं. आपल्या कागदावर समजा लिहिलंय, ‘गोल्डन रेझिन्स, सीडलेस, ट्रीटेड विथ सल्फर डायऑक्साइड’. रेझिनला अरबीत ‘जबीब’ म्हणतात, सोनेरीला ‘जहबी’, बिनबियांच्याला ‘बिला बुजूर’. इथवर सोपं आहे. घोळ सुरू होतो तो सल्फर डायऑक्साइडचा. ते वाचायला बरं दिसत नाही, म्हणून आयातदार सुचवतो की नुसतं ‘संस्कारित’ लिहा. ते लिहिता येत नाही. परिरक्षकाचं नाव मूळ घोषणेत आहे, आणि अन्न तपासणीत त्याचाच शोध घेतला जातो. उलट दिशेनेही चूक होते. एखादा उत्साही भाषांतरकार ‘उत्तम प्रतीचा’ किंवा ‘नैसर्गिक’ असा शब्द घालतो, जो मूळ कागदावर नाही. मग तो दावा आयातदाराच्या नावावर चढतो.

वर्णनाला मिळणारा एकमेव साक्षीदार म्हणजे एचएस कोड. त्याचे पहिले सहा अंक जगभर एक असतात: बेदाण्यासाठी ०८०६ २०, ताज्या द्राक्षांसाठी ०८०६ १०. पुढचे अंक ज्या त्या देशाचे. आपल्याकडे एकूण आठ अंक वापरतात, बेदाण्याला ०८०६ २० १०. आखाती देशांनी जानेवारी २०२५ पासून बारा अंकी कोड आणला. म्हणून भारतीय कोड ‘भारतीय कोड’ असं स्पष्ट लिहून जसाच्या तसा द्यायचा. बारा अंक मुखल्लिस लावतो. भाषांतरकाराने सहा अंकांपुरतं अरबी दरपत्रक उघडून एवढंच पाहायचं, की त्या ओळीला वाळवलेली द्राक्षं म्हटलंय का. वर्णन आणि कोड वेगळ्या दिशेला गेले, तर कुणीतरी चुकलंय. एक्सेलमध्ये कोड टाकताना सुरुवातीचं शून्य गळतं, हीही नेहमीची चूक. शून्य गेल्यावर कोड ८० व्या प्रकरणात जातो, आणि ते प्रकरण आहे कथिलाचं.

बोलीतले शब्द तर टाळायचेच. तांदळाची खेप असेल तर आखातात बोलताना ‘ऐश’ म्हणजे भात, इजिप्तमध्ये ‘ऐश’ म्हणजे रोटी. कागदावर ‘अरुज’च हवा. ‘क्विंटल’ हा शब्द मुळात अरबी ‘किंतार’वरून युरोपात गेला आणि तिथून आपल्याकडे आला, पण इजिप्तचा किंतार सुमारे ४५ किलोचा आहे. तेव्हा क्विंटलचं भाषांतर किंतार न करता १०० किलो असं लिहावं.

अरबी उजवीकडून डावीकडे जाते, पण त्यातले अंक डावीकडून उजवीकडेच वाचले जातात. इन्व्हॉइसच्या क्रमांकात तिरप्या रेघा, जोडरेघा आणि इंग्रजी अक्षरं एकत्र असतील, तर अरबी ओळीत शिरल्यावर संगणक त्याचे तुकडे भलत्या क्रमाने दाखवू शकतो. २५-२६ हे आर्थिक वर्ष २६-२५ दिसायला लागतं. टाइप करणाऱ्याने काहीच चुकवलेलं नसतं. त्यासाठी क्रमांकाच्या दोन्ही बाजूंना ‘लेफ्ट-टू-राइट मार्क’ ही अदृश्य खूण घालतात. ती घातली की नाही हे कळायचा मार्ग एकच, फाइल पीडीएफ करून मूळ फोटोशेजारी अंक-अंक ताडून पाहणं.

आपल्या खेपेत शेवटी कंटेनरच्या सीलचा क्रमांक उरतो. त्यावर टेबलावरच्या ट्यूबलाइटची चमक पडलीय, शेवटचे दोन अंक जळून गेलेत. हा आकडा कुठल्या बेरजेतून काढता येत नाही आणि इन्व्हॉइसवरही नसतो. तिथे अरबीत ‘गैर मकरू’, म्हणजे वाचता येत नाही, असं लिहायचं. विम्याच्या ६० डॉलरजवळही टीप द्यायची की रकाना शिक्क्याखाली आहे आणि आकडा एकूण रकमेवरून काढला आहे. मुखल्लिसला असा तुकड्यातुकड्यांचा कागद आवडत नाही. पण तो न्हावा शेव्याच्या सीएचएला फोन करतो, सीलचे अंक विचारून घेतो आणि बयान त्यांनीच भरतो.